क्लाउड कॅमेरे आणि अपलोडची कोंडी

घरातले सुरक्षा कॅमेरे चोवीस तास चित्रण इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर पाठवत राहिले, की घरच्या जोडणीची अपलोडची बाजू भरून जाते आणि तिच्यामुळे बाकीचं सगळं इंटरनेट अडखळतं. याला अपलोडची कोंडी म्हणता येईल. ज्या जोडणीत डाउनलोड भरपूर आणि अपलोड अगदी थोडं असतं, तिथे ती हमखास होते. अमेरिकेतलं केबल इंटरनेट हे याचं ठळक उदाहरण.

तिथे अपलोड इतकं कमी का, याचं कारण टीव्हीच्या केबलमध्ये आहे. उत्तर अमेरिकेच्या जुन्या केबल रचनेत घराकडून बाहेर जाणाऱ्या संदेशांसाठी ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी राखलेली आहे. घरात येणाऱ्या संदेशांना ५४ मेगाहर्ट्झपासून वरची, तिच्या कित्येक पट रुंद पट्टी मिळते. शिवाय ती अरुंद पट्टी आजूबाजूची घरं वाटून घेतात. म्हणून २०० एमबीपीएस डाउनलोडच्या प्लॅनवर १० एमबीपीएस अपलोड असणं तिथे नवल नाही. ही रचना बदलून अपलोडची पट्टी रुंद करण्याचं काम अनेक भागांत सुरू आहे.

न्यू जर्सीतल्या एका घरात असा प्लॅन आणि चार कॅमेरे आहेत असं धरू. दिवसा प्रत्येक कॅमेरा साधारण १.५ एमबीपीएस पाठवतो, म्हणजे एकूण ६. अंधार पडला की कॅमेरा इन्फ्रारेड दिव्यावर जातो. चित्रात बारीक दाणे उमटतात, आणि हे दाणे प्रत्येक फ्रेममध्ये बदलत असल्यामुळे चित्र नीट दाबून लहान करता येत नाही. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला जाणाऱ्या माहितीचं प्रमाण, मोकळा सोडलेला असेल तर तो २.५ पर्यंत चढतो. चार कॅमेऱ्यांचे झाले १०, म्हणजे अपलोड संपलं. उन्हाळ्यात तिथले रात्रीचे साडेनऊ म्हणजे पुण्यातले सकाळचे सात, आईबाबांना व्हिडिओ कॉल करायची वेळ. इकडे त्यांचा चेहरा स्वच्छ दिसतो, पण तिकडून आवाज येतो, “अरे, तुझं चित्र थिजलंय, आवाजही तुटतोय.” ही एकतर्फी तक्रार अपलोडच्या कोंडीची सगळ्यात विश्वासू खूण आहे.

अपलोड भरलं तर वेबपानंसुद्धा रेंगाळतात, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. डाउनलोड होताना मिळालेल्या माहितीची पोच उलट पाठवावी लागते, आणि प्रत्येक पानाची मागणीही अपलोडनेच जाते. मोडेममध्ये बाहेर जाणाऱ्या पाकिटांची रांग असते. ६२५ किलोबाइटची रांग १० एमबीपीएसने रिकामी व्हायला अर्धा सेकंद लागतो. पोच कितीही चिमुकली असली, तरी तिला कॅमेऱ्यांच्या पाकिटांमागे तेवढा वेळ थांबावं लागतं.

खात्री करण्यासाठी वायरने जोडलेल्या संगणकावरून राउटरला आणि बाहेरच्या पत्त्याला पिंग करावं, म्हणजे तिथून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहावं.

```
ping 192.168.1.1
ping 1.1.1.1
```

राउटरचा पत्ता आपल्या घरातला घालावा. पहिला आकडा एक-दोन मिलिसेकंदांवर स्थिर, पण दुसरा १५ वरून ४००-५०० वर गेलेला दिसला, तर दोष वाय-फायचा नाही. मग एकेक कॅमेऱ्याची वीज काढत जावं. दुसरा-तिसरा कॅमेरा बंद होताच आकडा धाडकन खाली आला, तर निदान पक्कं. डाउनलोडचा मोठा प्लॅन घेऊन यातलं काही सुटत नाही. प्लॅन बदलायचाच असेल तर फक्त अपलोडचा आकडा पाहावा.

पहिला उपाय कॅमेऱ्यातच असतो. बिटरेटला वरची मर्यादा घालता येत असेल तर ती १.५ वर बांधावी. मग रात्रीही एकूण ६ च राहतात आणि कॉलला लागणारे दोन-अडीच मोकळे मिळतात. चित्र अधिक दाबणाऱ्या एच.२६५ पद्धतीची सोय असेल तर तीही वापरावी. रात्रीचं चित्र थोडं भरड होईल, पण चेहरा ओळखू येतो का हे अंगणात उभं राहून तपासता येतं. दुसरा उपाय राउटरमध्ये: पाकिटांची रांग सांभाळणाऱ्या ‘एसक्यूएम’ची सोय असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर, इथे ९ एमबीपीएसवर, ठेवावी. रांग मोडेममध्ये साचण्याऐवजी राउटरच्या ताब्यात येते आणि तो प्रत्येक जोडणीला तिचा वाटा देतो. मात्र त्याने जागा वाढत नाही. कॅमेऱ्यांची मागणीच १० असेल, तर त्यांच्या फ्रेम गळतील.

खरा इलाज म्हणजे सलग चित्रण घरातच ठेवणं. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड किंवा घरातला एनव्हीआर रेकॉर्डर पूर्ण दर्जाचं चित्रण साठवतो, आणि क्लाउडवर फक्त हालचालीच्या क्लिप जातात. चोर रेकॉर्डरच उचलून नेईल ही भीती रास्त आहे. म्हणूनच क्लिप बाहेर जात राहायला हव्यात. मासिक डेटाची मर्यादा असेल तर हा फरक बिलातही दिसतो, कारण सलग २ एमबीपीएस पाठवणारा एकच कॅमेरा दिवसाला २१.६ आणि तीस दिवसांत ६४८ जीबी खातो.

भारतात फायबरच्या अनेक प्लॅनमध्ये दोन्ही बाजूंचा वेग सारखा असतो, त्यामुळे तिथे ही अडचण क्वचित येते. तांब्याच्या तारेवरचं डीएसएल किंवा ५जी वायरलेस असेल, तर कॅमेरे लावण्याआधी अपलोड मोजावं, आणि तेही रात्री.