‘जेन्युइन लेदर’ ही प्रत नाही: बुटांवरील चामड्याच्या शब्दांमागचा इतिहास

बुटाच्या जिभेवर किंवा खोक्यावर ‘फुल ग्रेन’, ‘करेक्टेड ग्रेन’, ‘जेन्युइन लेदर’ असे शब्द वाचले की त्या एकाच मालाच्या चढत्या-उतरत्या प्रती असाव्यात, असे वाटते. खरेदीदारांसाठी लिहिलेल्या बहुतेक मजकुरांत त्यांची उतरंडही तशीच लावलेली असते: सर्वांत वर फुल ग्रेन, मग टॉप ग्रेन, त्याखाली जेन्युइन आणि तळाशी चामड्याचा भुगा चिकटवून बनवलेले बाँडेड. ही उतरंड लक्षात ठेवायला सोपी आहे, पण तिच्या आधारे लेबल वाचणारा हमखास फसतो, कारण हे शब्द निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे म्हणून रूढ झाले आहेत. वस्तू प्राण्याच्या कातड्याची आहे की नाही, एवढेच ‘जेन्युइन’ सांगतो. ‘फुल ग्रेन’ आणि ‘करेक्टेड ग्रेन’ हे कातड्याच्या पृष्ठभागाचे काय केले ते सांगतात. आणि ‘स्प्लिट’ हा शब्द ते कोणत्या थरातून काढले ते सांगतो.

चामड्यावर खूण उमटवण्याची पद्धत यंत्रयुगापेक्षा बरीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये 1563 च्या आणि त्यानंतर सतराव्या शतकाच्या आरंभीच्या कायद्याने कमावलेले कातडे विक्रीपूर्वी तपासनिसांपुढे ठेवणे बंधनकारक होते. ते पुरते कमावलेले आढळले तरच त्यावर मोहोर उमटत असे. त्या काळी फसवणूक होई ती घाईने कमावलेल्या, आतून कच्च्या राहिलेल्या कातड्याची. ते खरोखर चामडेच आहे का, हा प्रश्न त्या मोहोरेपुढे नव्हता आणि वरचा थर शाबूत आहे का, हाही नव्हता. कातडे पातळ करायचे तर कारागीर मांसाकडची बाजू रुंद पात्याने तासून काढत असे. तासलेला भाग भुशासारखा बाजूला पडे आणि हातात राही तो केसांकडचाच थर.

गायीबैलाचे कातडे साधारण चार ते सहा मिलिमीटर जाड असते, आणि त्याच्या वरच्या व खालच्या भागांची वीण सारखी नसते. केसांची मुळे जिथे असतात त्या वरच्या थराला ग्रेन म्हणतात. तो एकूण जाडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका असून त्यातले तंतू अतिशय बारीक आणि घट्ट विणलेले असतात. त्याखालच्या थरातले तंतू जाड, मजबूत, पण मोकळे असतात. वरच्या थरामुळे चामड्याला गुळगुळीतपणा आणि झीज सोसण्याची ताकद येते, तर फाटण्याला विरोध मुख्यतः खालचा थर करतो. बुटाच्या अपरला, म्हणजे पाय झाकणाऱ्या वरच्या भागाला, मात्र एक ते दोन मिलिमीटर जाडीचेच चामडे लागते, म्हणून उरलेल्या जाडीचे काय करायचे हा प्रश्न कातडी कमावणाऱ्यांपुढे कायम होता.

त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात कातडे आडवे चिरणाऱ्या यंत्रांनी दिले. अमेरिकेतील नेवार्क येथे 1819 च्या सुमारास पेटंट लेदर, म्हणजे रोगणाने चकाकणारे चामडे, बनवू लागलेले सेथ बॉयडन हे अशा यंत्रावर काम करणाऱ्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक होते. त्याच शतकात पुढे फिरत्या पट्ट्यासारखी अखंड पाती असलेली यंत्रे आली आणि एका कातड्यातून सलग दोन ताव निघू लागले. पूर्वी भुसा होऊन वाया जाणारा खालचा थर आता ‘स्प्लिट’ म्हणून विकण्याजोगा माल झाला, आणि वरच्या तावापासून तो वेगळा ओळखता यावा म्हणून नावांची गरज पडली. ‘टॉप ग्रेन’ हा शब्द या गरजेतूनच येतो. व्यवसायातला त्याचा अर्थ ‘चिरल्यानंतर मिळालेला वरचा ताव’ इतकाच आहे, आणि त्या अर्थाने प्रत्येक फुल ग्रेन चामडे टॉप ग्रेनही असते. आज विक्रेते तो शब्द बहुधा घासलेल्या चामड्यासाठी वापरतात, त्यामुळे तो लेबलवर दिसला तर त्यावरून काही ठरवू नये, असे माझे मत आहे.

‘जेन्युइन’ शब्दाचा जन्म दुसऱ्या स्पर्धेत आहे. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन त्यावर चामड्याचा पोत दाबलेला माल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आला होता. ड्युपाँट या अमेरिकी रसायन कंपनीने 1910 मध्ये फॅब्रिकॉइड हा असाच माल बनवणारी कंपनी विकत घेतली. त्यानंतर प्लास्टिकचे लेप आले, आणि 1963-64 मध्ये त्याच ड्युपाँटने कॉर्फम हे सच्छिद्र कृत्रिम चामडे खास बुटांसाठी बाजारात आणले. ते पायावर सैलावत नाही, अशा तक्रारी आल्या आणि 1971 मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले. अशा नकलांच्या गर्दीत चामडे विकणाऱ्याला ‘हे खरे कातडे आहे’ एवढेच सांगायचे होते, आणि ‘जेन्युइन’ने तेवढेच सांगितले. इटलीने 1966 मध्ये कायदा करून ‘कुओयो’ आणि ‘पेल्ले’ ही चामड्याची नावे प्राण्याच्या कातड्यापासून बनलेल्या मालासाठी राखून ठेवली. हे सारे खऱ्याखोट्याच्या निवाड्यासाठी होते. खऱ्यांतले चांगले कोणते, हे ठरवण्याचा त्यात प्रयत्नच नव्हता. म्हणून उत्तम फुल ग्रेन बुटावरही ‘जेन्युइन लेदर’ लिहिता येते आणि लेप दिलेल्या स्प्लिटवरही. व्यवहारात मात्र ज्याच्याकडे ‘फुल ग्रेन’ सांगण्याजोगे असते तो ते सांगतो, आणि म्हणून नुसते ‘जेन्युइन’ लिहिलेल्या मालात स्प्लिटचे प्रमाण जास्त आढळते. उतरंडीचा गैरसमज याच निरीक्षणातून पसरला असावा.

करेक्टेड ग्रेनमागे कच्च्या मालाची अडचण आहे. जनावराच्या अंगावर काटेरी तारेचे ओरखडे असतात, गोचिडांच्या चाव्यांचे ठिपके असतात, डागण्या असतात, आणि कातडीखाली वाढणाऱ्या वॉर्बल माशीच्या अळ्या तर नेमक्या पाठीवर, म्हणजे कातड्याच्या सर्वांत चांगल्या भागात, भोके पाडतात. बुटासाठी एकसारखा पृष्ठभाग हवा तर अशा कातड्यातला फार थोडा भाग उपयोगी पडतो. 1884 मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी आणि 1893 मध्ये मार्टिन डेनिस यांनी क्रोमियमने कमावण्याच्या पद्धतींची पेटंटे घेतली. पूर्वी महिनोन्महिने चालणारे काम त्यामुळे काही दिवसांवर आले, कारखान्यांतून चामड्याचे लोंढे निघू लागले आणि सदोष कातड्यांचेही. त्यावर उपाय असा निघाला: ग्रेनचा अगदी वरचा भाग, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजावा इतका, खरकागदाच्या रुळाने घासून काढायचा, मोकळे झालेले तंतू बांधून ठेवण्यासाठी त्यात राळ मुरवायची, रंगद्रव्याचे थर द्यायचे, आणि शेवटी तापलेल्या कोरीव पत्र्याखाली दाबून पुन्हा केसांच्या छिद्रांचा भास आणायचा. 1930 च्या दशकात अॅक्रिलिकचे पाण्यात विखुरलेले लेप मिळू लागल्यावर हे काम लवचीक आणि टिकाऊ होऊ लागले. ‘करेक्टेड’, म्हणजे दुरुस्त केलेला, हे नाव त्यामुळे अगदी प्रामाणिक आहे.

या शब्दांना मोजता येईल असा अर्थ आला तो प्रामुख्याने युरोपीय संघाच्या 23 मार्च 1994 च्या 94/11 या निर्देशामुळे. त्यानुसार बुटाच्या अपरची, अस्तर व आतल्या तळव्याची आणि सोलची सामग्री वेगवेगळी दाखवावी लागते, आणि जी सामग्री अपरच्या वा अस्तराच्या क्षेत्रफळाच्या, किंवा सोलच्या आकारमानाच्या, किमान 80 टक्के असेल तिचे चिन्ह द्यावे लागते. पसरलेल्या कातड्याचे चित्र म्हणजे चामडे. ज्याची मूळ तंतुरचना बव्हंशी शाबूत आहे असे कमावलेले कातडे म्हणजे चामडे, आणि थरांत चिरलेले कातडेही त्यात येते, अशी तिथली व्याख्या आहे. कातड्याचा भुगा करून तो चिकटवून पुन्हा बनवलेले ताव मात्र चामड्यात धरले जात नाहीत. पृष्ठभागावरचा लेप 0.15 मिलिमीटरपेक्षा जाड असेल, पण एकूण जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसेल, तर कातड्याच्या चित्रात चौकोनी हिऱ्याचे चिन्ह येते आणि त्याला लेपित चामडे म्हणतात. ‘फुल ग्रेन’ हा शब्द मात्र ऐच्छिक आहे. पण वापरला तर त्याचा अर्थ असा बांधलेला आहे की बाह्यत्वचा काढल्यावर दिसणारा मूळ ग्रेन तसाच असावा, आणि घासून, खरवडून वा चिरून पृष्ठभागाचा कोणताही भाग काढलेला नसावा.

हे नियम एकाच कातड्याला लावून पाहू. समजा, पाच मिलिमीटर जाडीचे कातडे चिरले आणि वरचा 1.4 मिलिमीटरचा ताव न घासता नुसता रंगवला, तर त्याचे अपर फुल ग्रेन ठरते. तोच ताव ओरखड्यांमुळे घासून वर 0.08 मिलिमीटरचा लेप दिला, तर ते करेक्टेड ग्रेन होते, पण चिन्ह मात्र तेच साधे कातड्याचे राहते. आता उरलेल्या भागातून 1.3 मिलिमीटरचा स्प्लिट घेऊन त्यावर 0.12 मिलिमीटरचा पॉलियुरेथेनचा पापुद्रा चिकटवला, तरीही चिन्ह तेच, आणि ‘जेन्युइन लेदर’ लिहायलाही आडकाठी नाही. पापुद्रा 0.3 मिलिमीटरचा केला तर एकूण जाडी 1.6 होते, तिचा तृतीयांश 0.53, म्हणजे हा माल लेपित चामड्यात जातो. स्प्लिट 0.6 आणि पापुद्रा 0.4 असेल तर लेप तृतीयांशाच्या पुढे गेला, आणि आता फक्त हिरा उरतो, ज्याचा अर्थ ‘इतर सामग्री’. एकाच चिन्हाखाली तीन अगदी वेगळे ताव आले, हे यात सर्वांत महत्त्वाचे आहे.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या 1996 च्या मार्गदर्शक सूचनांनी मुख्यतः खऱ्याखोट्याची बाजू सांभाळली. भुग्यापासून बनवलेल्या मालाला नुसते ‘लेदर’ म्हणू नये, आणि ‘बाँडेड लेदर’ म्हणायचे तर त्यातले चामड्याच्या तंतूंचे व इतर द्रव्यांचे टक्के सांगावेत, असे त्या म्हणतात. प्रक्रियेने एका चामड्याला दुसऱ्याचे रूप दिले असेल तर मूळ चामडे कोणते, तेही सांगण्याची अपेक्षा त्यांत आहे.

म्हणून लेबल जिथे थांबते तिथून पुढे बुटाकडेच पाहावे लागते. बोटाने अपर आत दाबले तर फुल ग्रेनवर बारीक सुरकुत्यांचे जाळे उठते आणि बोट काढताच विरते. करेक्टेडवर मोजक्या, रुंद घड्या पडतात. भिंगातून पाहिले तर मूळ छिद्रे अंगाच्या भागानुसार विरळ-दाट होत जातात, तर पत्र्याने दाबलेला नक्षीचा तुकडा काही अंतरावर पुन्हा तसाच दिसतो. लेपित स्प्लिटची खूण जिभेच्या किंवा अस्तराजवळच्या कापलेल्या कडेवर मिळते: खाली केसाळ, मोकळे तंतू आणि त्यावर वेगळी दिसणारी प्लास्टिकची रेघ. वापरात हा बूट चवड्याच्या घडीवर तडकतो आणि पापुद्रा सुटतो. मलम लावून तो सांधता येत नाही, कारण मलम पापुद्र्यात मुरतच नाही.

फुल ग्रेन या शब्दालाही मर्यादा आहेत. त्यावर रंगद्रव्याचा दाट थर असू शकतो, आणि पोटाकडचे सैल, ताणले जाणारे चामडेही घासलेले नसेल तर फुल ग्रेनच असते. कातड्याचा कोणता भाग घेतला, ते हा शब्द सांगत नाही. उलट नुबक हे वरच्याच थराचे, अनेकदा उत्तम कातड्यातून निवडलेले चामडे असते. त्याचा मखमली स्पर्श ग्रेन हलकेच घासून येतो, त्यामुळे युरोपीय व्याख्येत ते फुल ग्रेन ठरत नाही. दिसायला त्याच्यासारखे असलेले स्वेड मात्र बहुधा खालच्या स्प्लिटचे असते, आणि दोघांच्याही लेबलवर चिन्ह असते ते त्याच पसरलेल्या कातड्याचे.