देवाचं झाड आणि देवळाचं लाकूड

आमच्याकडं नागपूरला मानवशास्त्र शिकणाऱ्या एका पोरीनं तिच्या पेपरचा कच्चा मसुदा मला वाचायला दिला होता, विषय होता उमरेडकडच्या एका गावाची मातामाय आणि तिच्या भोवतीचं झाडांचं रान. पेपर चांगला होता. पण पहिल्याच पानावर वाक्य होतं, "आदिवासी समाजाने शतकानुशतके देवराईच्या रूपाने जंगलाचे संवर्धन केले आहे." मी त्याच्याखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "कशावरून?" ती चिडली. म्हणाली, सर सगळेच असं लिहितात. तेच तर म्हणतोय मी.

पहिली भानगड शब्दाचीच. देवराई हा शब्द कोकण-मावळाकडचा, तिथं माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला आणि तो शब्द शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचला. इकडं गावात कोणी देवराई म्हणत नाही, "मायच्या झाडात" म्हणतात, "देवाच्या रानात" म्हणतात. गोंड लोकांत पेनठाणा म्हणतात, पेन म्हणजे देव आणि ठाणा म्हणजे त्याची जागा. आणि मातामाय फक्त आदिवासींची नाही, कुणबी, तेली, गोंड सगळे तिला कोंबडं-बकरं देतात. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांताच्या जाती-जमातींवरच्या ग्रंथातही हे आहे, की गावदेवांचा पुजारी बऱ्याचदा तिथल्या जुन्या जमातीतला असतो, कारण ते लोक आधी आले आणि तिथले देव त्यांना माहीत. म्हणजे पुजाऱ्याचं नातं आधी जागेशी आणि सीमेशी. झाडांचा नंबर नंतर.

आता संवर्धन म्हणजे काय ते बघू. एरिक स्मिथ आणि मार्क विशनी या दोन मानवशास्त्रज्ञांनी २००० साली यावर एक लांबलचक लेख लिहिला, त्यांच्या दोन अटी आहेत. एक, त्या वागण्यामुळं झाडं, प्राणी किंवा जागा संपायची खरंच थांबली पाहिजे किंवा कमी तरी झाली पाहिजे. दोन, ते वागणं त्यासाठीच ठरवलेलं पाहिजे. पहिली अट पूर्ण झाली आणि दुसरी नाही, तर झाडं वाचतात पण ते संवर्धन नाही, तो दुसऱ्याच कशाचा तरी साइड इफेक्ट. लोकांना हे वाचून वाटतं की आदिवासींना कमी लेखताय. तसं नाहीये, हाच निकष माझ्या सोसायटीला लावला तर आम्ही तर दोन्ही अटींत नापास.

तर मी त्या पोरीबरोबर गावात गेलो. नाल्याच्या काठाला जेमतेम दोन एकराचा तुकडा, मधोमध मोठा निंब, त्याच्या बुडाशी शेंदूर लावलेले पाच-सहा दगड, मातीचे घोडे, नारळाच्या शेंड्या, लाल चिंध्या. भोवती मोह, ऐन, बिबा, पळस, दोन जुन्या चिंचा आणि सीताफळाची दाटी. तिनं लिहिलं होतं "मूळ जंगलाचा अवशेष". मी म्हटलं चिंचेकडं बघ. चिंच मूळची आफ्रिकेतली, सीताफळ अमेरिकेतून आलेलं, ही माणसांच्या मागं येणारी झाडं. मग पायानं माती उकरली तर खापरं निघाली, घराच्या कवेलूचे तुकडे. पटवाऱ्याकडं चौकशी केली तर कळलं की तो भाग जुन्या रिठीचा आहे, म्हणजे कागदावर मौजा आहे पण वस्ती उठलेली. गाव कधीतरी हललं, कशामुळं ते कोणाला आठवत नाही, देवी मात्र तिथंच राहिली आणि पडक्या घरांवर झाडं वाढली. म्हणजे ज्याला आपण राखलेलं जंगल म्हणत होतो ते निदान काही भागात तरी सोडून दिलेलं गाव होतं, आणि हे खापरं आणि सातबारा बघितल्याशिवाय कळायचंच नाही.

झाडं जास्त आहेत हे तरी कशाशी ताडून बघायचं? ती पोरगी रानातली झाडं मोजून समोरच्या कापसाच्या वावराशी तुलना करत होती, त्याला काही अर्थ नाही. नाल्याचा काठ, मुरमाड जमीन, उतार, तिथं देव नसता तरी नांगर चालला नसता. म्हणून तसाच उतार, तशीच माती आणि गावापासून तेवढंच अंतर असलेला बिनदेवाचा तुकडा शोधावा लागतो, तोही एक नाही, चार-पाच, आणि दोन्हीकडं दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखून छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर, खोडाचा घेर मोजायचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोपं मोजायची आणि खुंटं मोजायची. मोठी झाडं भरपूर आणि रोपं नाहीत असं दिसलं तर समजायचं की आत बकऱ्या चरतात आणि हे रान म्हातारं होतंय. खुंट दिसलं तर कोणत्या झाडाचं, कापलेलं कुऱ्हाडीनं की करवतीनं, ताजं की जुनं, हे लिहायचं. आम्हाला खुंटं सापडली. ऐनाची, मोहाची, काही चांगल्याच घेराची.

तिथंच एक म्हातारे बाबाजी भेटले, पूजेचं तेच बघतात. त्यांना विचारलं इथलं झाड तोडता येतं का.

"नाई जी, मायचं झाड हाय, तोडाले नाई जमत."

मग हे खुंट?

"ते मायच्याच कामाले तोडलं ना. देवळाले पैसा लागला, मायले विचारलं, तिनं हो म्हनलं."

वाळलेलं लाकूड?

"वाळलं त नेतो जी. ते कायले सडू द्याचं?"

या तीन उत्तरांत सगळा पेपर आहे. नियम आहे, कडक आहे, लोक भितात पण. मात्र नियम "झाड तोडू नका" असा नाहीच, तो "मायची वस्तू तिला न विचारता घेऊ नका" असा आहे. एरवी दोन्ही नियम सारखेच दिसतात कारण दोन्हींत झाड उभंच राहतं, त्यामुळं बाहेरून आलेल्या माणसाला फरक कळणं अशक्य. फरक कळतो तो देवाचं भलं आणि झाडाचं भलं वेगळं होतं तेव्हा, आणि आपल्याकडं ती वेळ हमखास येते, तिला जीर्णोद्धार म्हणतात. निंबाखालच्या दगडाला आधी ओटा, मग टिनाचं शेड, मग स्लॅब, टाइल्स, सभामंडप. सह्याद्रीतही हेच होतं, देवराईतलं लाकूड देऊळ बांधायला जातं, कुठं कुठं विकून पैसा उभा करतात, आणि त्याआधी देवाचा कौल घेतात. गावाच्या हिशोबात यात पाप झालं नाही, देवाच्या मालमत्तेतून देवाचं घर झालं. फ्रीमन नावाच्या अभ्यासकानं १९९९ मध्ये केरळच्या कावूंबद्दल, म्हणजे तिथल्या देवरायांबद्दल, हाच मुद्दा मांडलाय, की तिथल्या लोकांच्या डोक्यात कावू म्हणजे दैवताचं वतन, आपल्या अर्थानं निसर्ग नाही.

गोंडांच्या पेनचं तर आणखी वेगळं. फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून लिहून ठेवलंय की कुळाचा परसापेन म्हणजे लोखंडी भाल्याचं टोक आणि चवरी, हे गावाबाहेर झाडावर ठेवतात. ऐन, ज्याला साजा पण म्हणतात, तो बडादेवाचा. पण भाल्याचं टोक उचलून नेता येतं, कुळ हललं की देवही हलतो. पूजा कुळाच्या नात्याची आहे, त्या विशिष्ट जंगलाची असेलच असं नाही. आणि नागपूरला मिशनरी असलेल्या हिस्लॉपनं गोळा केलेली लिंगोची जी कथा १८६६ मध्ये छापली गेली, तिच्यात लिंगो आणि भाऊ काय करतात? जंगल तोडतात, शेत करतात, धान पेरतात, आणि नीलगायी येऊन खाऊन जातात. ज्यांचा आदिनायकच जंगल तोडून शेत करतो त्या लोकांवर आपण जंगलरक्षकाचा बिल्ला लावतो, हे थोडं गमतीचं आहे.

म्हणून रान निरुपयोगी आहे का, तर मुळीच नाही, मुद्दाम केलेलं नसलं तरी झाड झाडच असतं, नाल्याची माती धरून ठेवतं, पक्षी बसतात. फक्त ते कशावर टिकलंय ते माहीत पाहिजे, नाहीतर कधी जाईल ते कळत नाही. कर्नाटकातल्या कोडगूत देवरानांची नोंद आहे, १९०५ मध्ये ६,२७७ हेक्टर आणि १९८५ मध्ये २,४०७. या काळात तिथली भक्ती आटली म्हणावं तर तसंही नाही, उत्सव होतच राहिले. कॉफीला जमीन हवी होती, अतिक्रमणं झाली, जमीन कोणत्या खात्याची हे बदललं. रानाचा आकार श्रद्धेवर कमी आणि जमिनीच्या कागदावर जास्त ठरला.

मग हे वाक्य इतकं चिवट का? पोरीनं मला उलट विचारलं आणि तिचा मुद्दा रास्त होता. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनहक्काचं कलम असं आहे की जे जंगल गाव शाश्वत वापरासाठी परंपरेनं राखत आणि सांभाळत आलंय ते राखण्याचा, सांभाळण्याचा हक्क त्याला. म्हणजे गावाला कागदावर "आम्ही राखत आलो" असंच लिहावं लागतं, कायद्यानंच ती भाषा मागितली. उद्या कोणी फोटो दाखवला की यांनीच ऐन कापला तर? म्हणून मी तिला म्हटलं की हक्क "आम्ही इथं राहतो, ही आमच्या देवाची सीमा" यावर उभा असेल तर खुंटानं तो पडत नाही, पवित्रपणाच्या सर्टिफिकेटवर उभा केला तर एका खुंटानं पडतो. ती म्हणाली, सर हे तुम्ही कलेक्टर ऑफिसात सांगून बघा. बरोबर आहे तिचं, तिथं मला कोण विचारतं.

पेपरमध्ये तिनं आता ते वाक्य काढलंय आणि तक्त्यात एक रकाना वाढवलाय: कोणतं झाड, कोणी तोडलं, कोणाच्या परवानगीनं, लाकूड कुठं गेलं. परवानगीच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी "माय" लिहिलंय.

परवा परत गेलो होतो तर देवळाची स्लॅब टाकून झाली होती. निंब मात्र कापला नव्हता. मिस्त्रीनं स्लॅबमध्ये बरोबर खोडाएवढं गोल भोक सोडलंय आणि निंब त्यातून वर गेलाय, खाली बुडाशी पांढऱ्या टाइल्स. मी बाबाजींना म्हटलं, खोड जाड होईल तेव्हा?

"तवा पाहू ना जी," ते म्हणाले, "तोवर आपन कोठं राह्यतो."