तोट्यातले शेअर मार्चमध्ये का विकले जातात: नियम कसे घडत गेले

वर्षभरात एका शेअरमध्ये नफा झाला आणि दुसरा तोट्यात पडून आहे, तर तो दुसरा 31 मार्चच्या आत विकायचा आणि तोटा नफ्यातून वळता करून कर कमी करायचा, याला टॅक्स-लॉस हार्वेस्टिंग म्हणतात. हिंजवडीतली आयटीची मंडळी याबद्दल बरेचदा अमेरिकन लेख वाचतात आणि शेअर विकल्यावर परत घेण्यासाठी 31 दिवस थांबून राहतात. हे थांबणं इथे विनाकारण आहे. विक्रीच्या आधी किंवा नंतर 30 दिवसांत तोच शेअर घेतला तर तोटा मिळणार नाही, हा नियम अमेरिकेच्या 1921 च्या कायद्यातला आहे. ब्रिटनने 1998 मध्ये असाच 30 दिवसांचा नियम आणला. भारताच्या प्राप्तिकर कायद्यात तो कधीच नव्हता. आपल्याकडच्या अडचणी वेगळ्या आहेत, आणि त्या एकेक करून वेगवेगळ्या वर्षी आल्या.

भांडवली नफ्यावरचा कर भारतात पहिल्यांदा 1947 च्या अर्थसंकल्पात आला आणि 1949 च्या अर्थसंकल्पात रद्दही झाला. निकोलस काल्डोर या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या शिफारशीनंतर 1956 मध्ये तो परत आला, तो कायमचाच. नफ्यावर कर म्हटल्यावर तोट्याची वजावट ओघाने आलीच. पण कागदी शेअरच्या जमान्यात हा उद्योग आजच्यासारखा बटण दाबून होणारा नव्हता. पुणे स्टॉक एक्स्चेंज 1982 मध्ये सुरू झालं आणि 2015 मध्ये बंद झालं. कुमठेकर रस्त्यावरच्या त्या काळातल्या व्यवहारांत सर्टिफिकेट, सही केलेला ट्रान्सफर फॉर्म आणि सह्या न जुळल्यामुळे परत आलेले शेअर हे सगळं होतं. एक सोय मात्र तेव्हा होती, जी आज नाही. प्रत्येक सर्टिफिकेटवर शेअरचे क्रमांक छापलेले असत. त्यामुळे 1985 ला स्वस्तात घेतलेला गठ्ठा घरात ठेवून 1992 च्या तेजीत महाग घेतलेला गठ्ठाच विकला, हे दाखवता येई. म्हणजे कुठला तोटा बाहेर काढायचा, हे विकणारा स्वतः ठरवत असे.

1996 मध्ये डिपॉझिटरी कायदा आला आणि शेअर डीमॅट झाले. डीमॅटमधल्या शेअरला क्रमांक नसतो, त्यामुळे कुठला विकला हे ओळखता येत नाही. म्हणून कायद्यात आधी आलेला आधी गेला, म्हणजे फिफो, हा नियम घातला गेला आणि 1998 च्या परिपत्रक क्रमांक 768 ने तो स्पष्ट केला. आजही सर्वाधिक घोळ इथेच होतो. 2019 मध्ये 300 रुपयांना घेतलेले शेअर आणि गेल्या वर्षी 700 ला घेतलेले शेअर एकाच खात्यात असतील आणि भाव 500 असेल, तर तोटा काढायला म्हणून विकलेले पहिले शेअर 2019 चे धरले जातात, आणि तोट्याऐवजी नफाच अंगावर येतो. ब्रोकरच्या ॲपमध्ये सरासरी भाव दिसतो, त्यावरून हे कळत नाही. त्यासाठी टॅक्स रिपोर्टमधली लॉटनिहाय यादी उघडावी लागते. फिफो खात्यानुसार मोजला जातो, हे त्याच परिपत्रकात आहे. म्हणून काही जाणकार जुनी, दीर्घ मुदतीची गुंतवणूक एका डीमॅटमध्ये आणि नवी खरेदी दुसऱ्यात ठेवतात.

पुढचा मोठा बदल 2002 चा. तोपर्यंत दीर्घकालीन तोटा, म्हणजे बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या शेअरमधला, अल्पकालीन नफ्यातूनही वळता करता येत असे. 2002 च्या वित्त कायद्याने कलम 70 बदललं, आणि तेव्हापासून दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच जातो. अल्पकालीन तोट्याला मात्र दोन्ही दारं उघडी राहिली. म्हणून बारा महिने पूर्ण होण्याआधी तोटा काढणं जास्त कामाचं ठरतं: अकराव्या महिन्यातला तोटा जास्त दराच्या अल्पकालीन नफ्याला लावता येतो, तेराव्या महिन्यातला येत नाही.

1 ऑक्टोबर 2004 पासून एसटीटी, म्हणजे शेअरच्या खरेदी-विक्रीच्या व्यवहारावरचा कर, आला आणि त्याच्या बदल्यात बाजारात विकलेल्या शेअरवरचा दीर्घकालीन नफा करमुक्त झाला. लोक खूश झाले, पण त्याची दुसरी बाजू फार थोड्यांच्या लक्षात आली. जो नफाच करमुक्त, त्याचा तोटाही हिशेबात धरला जात नाही. त्यामुळे साधारण साडेतेरा वर्षं अशा शेअरमधला दीर्घकालीन तोटा निव्वळ वाया जात होता. 1 फेब्रुवारी 2018 च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी कलम 112ए आणलं आणि एक लाखाच्या वरच्या नफ्यावर 10 टक्के कर लावला. त्यावर ओरड खूप झाली, पण त्याच कलमाने दीर्घकालीन तोट्याला पुन्हा किंमत आली. 1 एप्रिल 2018 नंतरच्या विक्रीतला असा तोटा वळताही करता येईल आणि पुढेही ओढता येईल, हे प्रत्यक्ष कर मंडळाने त्याच फेब्रुवारीत प्रश्नोत्तरांतून सांगितलं. 23 जुलै 2024 पासून दर बदलले: दीर्घकालीन 12.5 टक्के, सूट सव्वा लाखाची, आणि अल्पकालीन 20 टक्के.

हे आकड्यांत पाहू. समजा कोथरूडच्या एका गुंतवणूकदाराला 2025-26 मध्ये 1,60,000 रुपये अल्पकालीन आणि 2,10,000 रुपये दीर्घकालीन नफा झाला. काहीच केलं नाही तर अल्पकालीन नफ्यावर 32,000 आणि सव्वा लाखाची सूट जाऊन उरलेल्या 85,000 वर 10,625, असा 42,625 रुपये कर होतो. सेस सोडून देऊ.

त्याच्याकडे आठ महिन्यांपूर्वी घेतलेला एक शेअर 70,000 च्या तोट्यात आहे. तो विकला की अल्पकालीन नफा 90,000 उरतो आणि 14,000 रुपये वाचतात. इथवर सोपं आहे. दुसऱ्या एका कंपनीचे 600 शेअर त्याने तीन वर्षांपूर्वी 700 ने एकरकमी घेतले होते. भाव 500, म्हणजे तोटा 1,20,000. हे सगळे विकायचा मोह होतो, पण तो आवरावा. तोटा आधी वजा होतो आणि सव्वा लाखाची सूट नंतर लागते, हा क्रम आपल्याला बदलता येत नाही. सगळे विकले तर दीर्घकालीन नफा 90,000 वर येतो. पण सव्वा लाखापर्यंत तसाही कर नव्हता, त्यामुळे 35,000 चा तोटा फुकट खर्च होतो. तो पुढच्या वर्षीही ओढता येत नाही, कारण तो वळता होऊन गेलेला असतो. 85,000 च्या तोट्यासाठी 425 शेअर पुरतात. तेवढेच विकायचे आणि 175 ठेवायचे.

आता तेच 425 शेअर 500 ला परत घेतले, तर दोन्ही वेळचा एसटीटी धरून 425 रुपये जातील, शिवाय दलाली. हा खर्च किरकोळ आहे. खरी मेख पुढे आहे. परत घेतलेल्या शेअरची मुदत शून्यापासून सुरू होते आणि खरेदी किंमत 700 ऐवजी 500 होते. पाच महिन्यांत भाव 700 झाला आणि जुन्या 175 सह सगळे विकले, तर 85,000 चा अल्पकालीन नफा आणि त्यावर 17,000 कर. वाचवले होते 10,625. म्हणजे हा कर माफ झालेला नसतो, बहुतेक वेळा नुसता पुढे गेलेला असतो. परत घेतल्यावर वर्षभर थांबायची तयारी नसेल तर दीर्घकालीन तोटा काढण्यात अर्थ नाही.

परत घ्यायचे, पण त्याच दिवशी नाही. एकाच दिवशी त्याच खात्यातून विकून घेतलं तर ब्रोकर दोन्ही सौदे एकमेकांत मिटवतो, शेअर डीमॅटमधून हलतच नाही आणि डिलिव्हरी होत नाही. मग तो इंट्राडे, म्हणजे सट्ट्याचा व्यवहार ठरतो आणि जुना तोटा जागच्या जागी राहतो. नीट झालं की नाही हे पाहायला दुसऱ्या दिवशी डीमॅटचं स्टेटमेंट बघावं: त्यात शेअर वजा झालेले दिसले पाहिजेत. तारीख मात्र कॉन्ट्रॅक्ट नोटचीच धरली जाते (परिपत्रक क्रमांक 704, 1995), म्हणून शेवटच्या दिवशीची विक्री, पैसे एप्रिलमध्ये आले तरी, मार्चमध्येच मोजतात. तो शेवटचा दिवस मात्र कॅलेंडरमध्ये बघून ठेवावा. 2025 मध्ये शनिवार, रविवारचा पाडवा आणि सोमवारी 31 तारखेची ईद असे तीन दिवस बाजार बंद होता. शुक्रवारी, 28 मार्चलाच वर्ष संपलं.

बनावट तोट्याविरुद्धचे नियमही असेच घटनांमागून आले. मार्च 2000 मध्ये वॉलफोर्ट या ब्रोकर कंपनीने चोला म्युच्युअल फंडाची 8 कोटींची युनिट 17.23 रुपयांनी घेतली, 4 रुपये करमुक्त लाभांश घेतला आणि तीनच दिवसांत 13.23 ने विकून तोटा दाखवला. खिशातून जवळजवळ काही गेलं नाही, पण हिशेबात तोटा तयार झाला. 2001 मध्ये कलम 94(7) आणून ही वाट बंद केली गेली. जुन्या वर्षांसाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये वॉलफोर्टच्या बाजूने निकाल दिला: व्यवहार खरा आहे आणि तेव्हा मनाई नव्हती, म्हणून तोटा मान्य. लाभांश 2020 पासून करपात्र झाल्यामुळे या कलमाची धार आता बोथट झाली आहे. बोनसवरचं कलम 94(8) मात्र जिवंत आहे. आधी ते फक्त युनिटना होतं, 2022 च्या वित्त कायद्याने शेअरनाही लावलं. बोनस कोणाला मिळणार हे ज्या तारखेला ठरतं त्या रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलेले शेअर नंतरच्या नऊ महिन्यांत तोट्यात विकले आणि बोनस शेअर हातात ठेवले, तर तो तोटा मिळत नाही. तो बोनस शेअरची खरेदी किंमत धरला जातो. एकास एक बोनसनंतर भाव निम्मा होतो आणि ॲपवर भलामोठा तोटा दिसतो, तेव्हा हे आठवलं पाहिजे.

उरलेला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत, म्हणजे बहुतेकांसाठी 31 जुलैपर्यंत, भरलं तरच. उशिरा भरलेलं विवरणपत्र चालतं, पण भांडवली तोटा पुढे जात नाही. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होऊन कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे जुन्या वर्षांचा शिल्लक तोटा असेल त्यांनी प्रत्येक वर्षाच्या विवरणपत्रातलं Schedule CFL, म्हणजे पुढे ओढलेल्या तोट्यांचा तक्ता, छापून ठेवावं. तोटा अल्पकालीन होता की दीर्घकालीन आणि कुठल्या वर्षाचा, हे त्यात वेगवेगळं लिहिलेलं असतं.