घसा बरा झाला, तरी गोळ्या कशासाठी?

«तिसऱ्या दिवशी ताप उतरला, घसाही दुखायचा थांबला, मग उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या कशाला?»

लक्षणे ओसरली तरी घसादुखी करणारा स्ट्रेप्टोकोकस जंतू घशात टिकून राहू शकतो, आणि सांधे व हृदयाला त्रास देणारा ऱ्हुमॅटिक ताप येतो तो साधारण दोन-तीन आठवड्यांनी, म्हणजे घसादुखीचा विसर पडल्यावर. या जंतूच्या आवरणावरील एम प्रथिनाचे काही भाग हृदयाच्या स्नायूतील मायोसिन या प्रथिनासारखे असल्यामुळे, जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे आणि टी-पेशी काही मुलांमध्ये हृदयावर, विशेषतः मायट्रल झडपेवर, उलटतात. हल्ला जंतूचा नसून आपल्याच प्रतिकारशक्तीचा असतो.

समजा, नऊ वर्षांच्या मुलीचा आधी गुडघा सुजला, तो उतरताच घोटा सुजला आणि चालताना तिला धाप लागू लागली. ही ऱ्हुमॅटिक तापाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी घशाच्या तपासणीत जंतू बहुधा सापडतही नाही; रक्तातील एएसओ या जंतूविरोधी प्रतिपिंडाचे वाढलेले प्रमाण मात्र होऊन गेलेल्या संसर्गाची खूण देते.

म्हणून पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण 10 दिवस घ्यावे लागते. बेंझाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शनही चालते. घसादुखी सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू केले तरी हा ताप बहुतांशी टळतो. अर्थात, बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि तिथे या गोळ्यांचा काहीच उपयोग नसतो.