गेलेलं माणूस स्वप्नात 'चल' म्हणतं तेव्हा

पहाटे साडेचारचा सुमार. वर्षापूर्वी गेलेली आत्या एसटी स्टँडवर उभी आहे आणि म्हणते आहे, "चल गं, गाडी सुटेल." तुम्ही पिशवी उचलता, दोन पावलं टाकता आणि जाग येते. छाती धडधडत असते. आता आपला नंबर लागला, असं वाटू लागतं.

असं स्वप्न पडलेल्या माणसाला मी आधी एकच विचारते: स्वप्नात असताना भीती वाटत होती का? पुष्कळदा उत्तर येतं, "नाही, तेव्हा बरं वाटत होतं." भीती येते ती डोळे उघडल्यावर, आणि याचं कारण मेंदूच्या कामात आहे.

ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं मुख्यतः रेम झोपेत, म्हणजे बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात त्या झोपेत पडतात. 1953 साली युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी या झोपेचं वर्णन प्रसिद्ध केलं. या काळात भावना पेटवणारा अमिग्डाला हा भाग जोरात चालू असतो, तर कपाळामागचा, शहानिशा करणारा भाग मंदावलेला असतो. म्हणून 'अगं, तू तर गेलीस ना?' हा प्रश्न स्वप्नात सहसा पडत नाही. तो पडतो जाग आल्यावर. मग लहानपणापासून ऐकलेलं 'मेलेल्या माणसाने बोलावलं की न्यायला आलंय' हे वाक्य आठवतं, आणि साध्या बोलावण्याला मरणाचा अर्थ चिकटतो. हयातीत आत्या तुम्हाला बाजाराला, जत्रेला हेच म्हणून नेत असेल. मेंदूने तिचा ओळखीचा आवाज जसाच्या तसा काढून दिला, एवढंच.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपण म्हणतो. रेम झोपेचे टप्पे रात्र सरेल तसे लांबत जातात आणि त्या टप्प्यातून थेट जाग आली की स्वप्न लख्ख आठवतं. पहाटेची स्वप्नं इतकी खरी वाटतात ती यामुळे.

"पण आमच्या शेजारच्या काकांना असंच स्वप्न पडलं आणि महिन्यात गेले," असं कुणीतरी सांगतंच. ते खोटं बोलत नसतात. एका तालुक्यात एक लाख माणसं आहेत आणि प्रत्येकाला दहा वर्षांतून एकदा असं स्वप्न पडतं, असं समजा. म्हणजे वर्षाला दहा हजार स्वप्नं. मृत्युदर वर्षाला हजारी सात धरला, तर स्वप्नाचा काहीही संबंध नसताना या दहा हजारांपैकी सहाएक जण महिन्याभरात जातीलच. त्या सहांची गोष्ट गावभर होते. उरलेले नऊ हजार नऊशे चौऱ्याण्णव उठून कामाला लागतात, आणि त्यांचं स्वप्न कुणी सांगत नाही.

अमेरिकेतल्या बफेलो इथल्या हॉस्पिसमध्ये ख्रिस्तोफर कर यांच्या गटाने मरणासन्न रुग्णांच्या स्वप्नांचा अभ्यास केला. मरण जवळ येईल तशी गेलेली माणसं त्यांच्या स्वप्नांत जास्त दिसत होती, हे खरं. पण आपला शेवट जवळ आहे, हे त्या रुग्णांना आधीच ठाऊक होतं आणि बहुतेकांना त्या भेटींनी दिलासाच मिळाला. धडधाकट माणसाने यावरून स्वतःचं भविष्य काढू नये.

आता त्या रात्रीचं. दिवा लावा, उठून बसा, पाय जमिनीला टेकवा, पाणी प्या. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. "मी घरी आहे, आज गुरुवार आहे" असं मोठ्याने म्हणा. मोबाइलवर स्वप्नाचा अर्थ शोधू नका. झोपायचंच नाही, असं तर मुळीच ठरवू नका: रेम झोप बुडली की पुढच्या रात्री मेंदू ती वाढवून घेतो आणि स्वप्नं आणखी गडद होतात.

स्वप्न परत परत येत असेल तर दिवसाउजेडी ते लिहून काढा आणि हवं तसं बदला. स्टँड तोच, आत्या तीच, पण आता तुम्ही म्हणता, "आत्या, मला पोरांचे डबे करायचेत, तू हो पुढे." ती मान डोलावते आणि गाडीत बसते. हे बदललेलं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं मनात पाहायचं, काही आठवडे. बॅरी क्रॅकाऊ यांच्या गटाने ही पद्धत अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर तपासली; त्यांची दुःस्वप्नं कमी झाली. स्वप्नात बोलावलं तर 'नाही' म्हणायचं, हे आपल्याकडच्या आजी सांगतात, ते याच्या फार जवळचं आहे.

प्रोप्रानोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही काहींना भयानक स्वप्नं पडतात. गोळी नवी असेल तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. जागेपणीही 'आपण गेलो तर बरं, तिच्याकडे तरी जाऊ' असं वाटत असेल, तर ते स्वप्नाचं भाकीत नाही, दुःख असह्य झाल्याची खूण आहे. त्याच दिवशी घरच्यांना सांगा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. घरातल्या कुणाबद्दल अशी शंका आली तर "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.