भरलेल्या जवनिकेचा ठोका

हृदयाची उजवी बाजू रक्त फुफ्फुसांकडे पाठवते आणि डावी बाजू उरलेल्या सगळ्या शरीराला. दोन्ही जवनिका, म्हणजे हृदयाचे खालचे दोन कप्पे, एकाच ठोक्यात आकुंचन पावतात. आपण स्वस्थ बसलेलो असताना प्रत्येकीतून एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. डॉक्टर याला स्ट्रोक व्हॉल्युम म्हणतात.

आता समजा, उजव्या जवनिकेने दर ठोक्याला डावीपेक्षा फक्त एक मिलिलिटर जास्त रक्त टाकलं. मिनिटाला ७० ठोके धरले, तर दहा मिनिटांत फुफ्फुसांकडे ७०० मिलिलिटर जादा रक्त जमेल. फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत एरवी असतं ते सगळं मिळून जेमतेम अर्धा लिटर. एका मिलिलिटरच्या फरकाने माणूस दहा मिनिटांत फुफ्फुसांत पाणी होऊन गुदमरेल. तसं होत नाही. खोल श्वास घेतला की छातीतला दाब कमी होतो आणि उजवी जवनिका जास्त भरते, उठून उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं आणि ती कमी भरते. पण दोन-चार ठोक्यांत डावी बाजू तिचा हिशोब पुन्हा जुळवून घेते.

हे जुळवणारा मेंदू असेल असं वाटणं साहजिक आहे. पण हृदयरोपण करताना हृदयाच्या सगळ्या नसा कापल्या जातात, आणि तरीही नव्या हृदयाच्या दोन्ही बाजू बरोबर जुळून चालतात. असा माणूस जिना चढू लागला की त्याच्या ठोक्यांचा वेग सुरुवातीची काही मिनिटं फारसा वाढत नाही, कारण वेग वाढवायचा निरोप आणणारी नसच उरलेली नसते. मात्र पायांचे स्नायू शिरा पिळून जास्त रक्त वर ढकलतात, जवनिका जास्त भरते, आणि तेवढ्यावरच तिचा स्ट्रोक व्हॉल्युम वाढतो. हुकूम बाहेरून येत नाही. आत आलेलं रक्त हाच हुकूम असतो.

म्युनिकमध्ये ओटो फ्रँक यांनी १८९५ साली बेडकाच्या हृदयावर हे दाखवलं होतं: आकुंचनाआधी जवनिका जितकी जास्त भरलेली, तितका तिने निर्माण केलेला दाब जास्त. पण चित्र पूर्ण केलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी. कुत्र्याचं हृदय आणि फुफ्फुसं एकमेकांना जोडलेली ठेवून त्यांनी बाकी शरीर या मार्गातून वगळलं. महाधमनीतून निघालेलं रक्त नळ्यांमधून, कमी-जास्त करता येणाऱ्या अडथळ्यातून, एका कोमट ठेवलेल्या टाकीत जायचं आणि तिथून परत हृदयाच्या उजव्या बाजूला यायचं. जवनिकांभोवती बसवलेलं हवाबंद भांडं त्यांचं आकारमान नोंदवायचं. आत येणारं रक्त वाढवलं की जवनिका फुगायच्या आणि बाहेर पडणारं रक्तही तेवढंच वाढायचं. १९१४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही निरीक्षणं प्रसिद्ध केली.

त्यातला दुसरा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आत येणारं रक्त तेवढंच ठेवून स्टार्लिंग यांनी फक्त बाहेरचा अडथळा वाढवला, म्हणजे रक्तदाब वाढवला. काय झालं ते माणसाचे आकडे घालून पाहू. भरलेल्या जवनिकेत १२० मिलिलिटर रक्त आहे, ७० बाहेर जातं आणि ५० आत उरतं. दाब वाढल्यावर पहिल्या ठोक्याला ६० च बाहेर गेलं, तर आत ६० उरेल. शिरांकडून येणारे ७० मात्र ठरल्याप्रमाणे येतील. म्हणजे पुढच्या ठोक्याआधी जवनिकेत १३० असेल. ती जास्त ताणलेली असल्यामुळे जास्त जोर लावेल आणि समजा ६५ बाहेर टाकेल. मग उरले ६५, त्यात आले ७०, झाले १३५. हे बाहेर जाणारं रक्त पुन्हा ७० होईपर्यंत चालतं आणि तिथे थांबतं. जवनिका आता आधीपेक्षा मोठी आहे, पण येणारं आणि जाणारं रक्त पुन्हा सारखं झालं आहे. उजव्या-डाव्या बाजूचा तो एक मिलिलिटरचा फरकही याच रीतीने मिटतो.

ताणलेलं रबर जोरात परत येतं, तसंच हे, असं पुष्कळदा समजावलं जातं. त्यात चूक आहे. रबर परत देतं ती ताणताना आपण घातलेलीच शक्ती. जवनिका भरताना आत येणाऱ्या रक्ताचा दाब फार थोडा असतो, पाऱ्याच्या पाच ते बारा मिलिमीटरइतका. आणि तीच जवनिका पुढच्या क्षणी १२० चा दाब उभा करते. ही शक्ती स्नायू स्वतःचं इंधन जाळून आणतो. जास्त भरलेलं हृदय ऑक्सिजनही जास्त वापरतं. तेव्हा ताणामुळे स्नायूतलं नेमकं काय बदलतं, हा खरा प्रश्न आहे.

हृदयाच्या स्नायूपेशीत सार्कोमिअर नावाचे बारीक खण एकापुढे एक लागलेले असतात. एकेक खण सुमारे दोन मायक्रॉन लांब, म्हणजे एक मिलिमीटरमध्ये पाचशे बसतील इतका. प्रत्येक खणात अॅक्टिनचे पातळ आणि मायोसिनचे जाड तंतू एकमेकांत घुसलेले असतात. मायोसिनच्या टोकांनी अॅक्टिनला धरून ओढलं की खण आखडतो. खण फारच आखूड असेल तर दोन्हीकडचे पातळ तंतू एकमेकांवर चढतात आणि पकड नीट बसत नाही. तो २.२ मायक्रॉनच्या आसपास ताणला की पकडीला सगळ्यात चांगली जागा मिळते. हातापायांच्या स्नायूंतही हेच चालतं, आणि बरीच वर्षं हृदयाचंही स्पष्टीकरण एवढ्यावरच दिलं जायचं.

पण ते पुरेसं नाही. हृदयाच्या स्नायूत लांबी थोडी वाढली तरी ताकद खूप वाढते. तंतूंच्या नुसत्या मांडणीतून निघेल त्याच्या कितीतरी पट. उरलेलं उत्तर कॅल्शियमपाशी आहे. प्रत्येक ठोक्याला पेशीच्या आत कॅल्शियम सुटतं, पातळ तंतूवरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, आणि तेव्हाच मायोसिनला पकडायची जागा मोकळी होते. नेहमीच्या ठोक्यात सुटणारं कॅल्शियम सगळ्या जागा उघडायला पुरत नाही, बऱ्याच जागा बंदच राहतात. खण ताणला की कॅल्शियम तेवढंच असलं तरी जास्त जागा उघडतात. कॅल्शियमला मिळणारा प्रतिसादच तीव्र होतो, तोही लगेच, त्याच ठोक्यात.

हे कसं घडतं याचा शोध अजून चालू आहे. ताणल्यावर तंतू एकमेकांच्या जवळ येतात हे एक कारण सांगितलं जातं. सध्या जास्त लक्ष आहे ते टायटिनकडे. हे आपल्या शरीरातलं सगळ्यात मोठं प्रथिन खणाच्या कडेपासून मध्यापर्यंत पसरलेलं असतं. खण ताणला की टायटिनही ताणतं, आणि त्या ओढीने जाड तंतूवर मिटून बसलेली मायोसिनची टोकं कामाला तयार होतात, असा बराच पुरावा मिळतो आहे. खण मर्यादेबाहेर ताणला जाऊ नये म्हणून विरोध करणारंही मुख्यतः टायटिनच.

दवाखान्यात ही गोष्ट बोटांखाली लागते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके अनियमित पडतात. अशा रुग्णाची नाडी धरली की लांब विरामानंतरचा ठोका भरदार लागतो, घाईने पडलेला मरगळलेला. विराम लांबला म्हणजे जवनिकेला भरायला वेळ मिळाला. काही ठोक्यांआधी ती इतकी कमी भरते की नाडी मनगटापर्यंत पोचतच नाही. म्हणून स्टेथोस्कोपने छातीवर मोजलेले ठोके मनगटावरच्या ठोक्यांपेक्षा जास्त भरतात.

आयसीयूमध्ये याच नियमावर मोठा निर्णय घेतला जातो. रुग्णाचा रक्तदाब खाली आहे आणि दीड लिटर सलाईन देऊन झालं आहे. आणखी द्यावं की नाही? द्यायच्या आधी विचारून पाहायची सोय आहे. रुग्णाला पाठ ४५ अंश वर करून ठेवायचं आणि टू-डी इकोवर पाहायचं की एका ठोक्यात डाव्या जवनिकेच्या तोंडातून रक्ताचा स्तंभ किती पुढे सरकतो. समजा, १४ सेंटिमीटर. त्या तोंडाचा व्यास २ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर. दोहोंचा गुणाकार ४४. म्हणजे स्ट्रोक व्हॉल्युम ४४ मिलिलिटर. मग पलंगच असा कलवायचा की पाठ आडवी होईल आणि पाय ४५ अंश वर जातील. पायांतलं आणि पोटातलं सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे येतं. एका मिनिटाच्या आत पुन्हा मोजायचं, कारण हा परिणाम टिकत नाही. स्तंभ १७ सेंटिमीटर झाला, तर स्ट्रोक व्हॉल्युम ५३ झाला, म्हणजे सुमारे वीस टक्के वाढ. जवनिका किती भरली आणि स्ट्रोक व्हॉल्युम किती झाला याची रेघ काढली, तर ती आधी चढते आणि पुढे सपाट होते. दहा टक्क्यांहून जास्त वाढ म्हणजे हे हृदय अजून त्या चढावर आहे, सलाईनचा उपयोग होईल. स्तंभ १४ चा साडेचौदाच झाला, तर सलाईन हात आखडूनच द्यायला हवं.

यात घोटाळे होतात ते बारीकसारीक गोष्टींत. नर्सने हाताने पाय उचलले आणि रुग्णाला दुखलं, तर वेदनेनेच हृदय जोरात चालतं आणि उत्तर खोटं येतं. नुसत्या रक्तदाबाकडे पाहून अंदाज केला तर तोही फसतो, कारण रक्तदाब धमन्यांच्या घट्टपणावरही अवलंबून असतो. आणि चाचणी संपल्यावर पलंग पूर्ववत करून आकडा पुन्हा १४ वर येतो का हेही पाहावं लागतं. नाही आला, तर वाढीचं कारण पाय उचलणं नव्हतं.

चढ कुठे संपतो, हे प्रत्येक हृदयाचं वेगळं असतं. भरण वाढत गेलं की सुरुवातीला जवनिका सहज फुगते. पुढे टायटिन, स्नायूंभोवतीचं कोलॅजन आणि हृदयाचं बाहेरचं आवरण तिला अडवतात. मग थोडं जादा रक्तसुद्धा आतला दाब झपाट्याने वाढवतं, पण सार्कोमिअर फारसे लांबत नाहीत आणि स्ट्रोक व्हॉल्युम जागच्या जागी राहतो. तो वाढलेला दाब मागे फुफ्फुसांपर्यंत जातो, आणि २० मिलिमीटरच्या पुढे गेला की तिथे पाणी झिरपू लागतं. दम लागतो, आडवं झोपता येत नाही.

हार्ट फेल्युअरमध्ये सगळी रेघच खाली सरकलेली आणि सपाट झालेली असते. मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात, जवनिका मोठी होते, आणि एवढं भरूनही हाती फार थोडं लागतं. अशा रुग्णाला लघवी वाढवणारी गोळी दिली की घरचे विचारतात, हृदय आधीच कमजोर आहे, मग रक्तातलं पाणी कमी केल्याने आणखी कमजोर नाही का होणार? सपाट भागावर तसं होत नाही. भरण कमी केल्याने स्ट्रोक व्हॉल्युममधून फार थोडं जातं, आणि फुफ्फुसांवरचा दाब मात्र चांगलाच उतरतो. गोळी गरजेपेक्षा जास्त झाली, तर हृदय सपाट भागावरून चढाच्या खालच्या बाजूला सरकतं. तिथे भरणातला प्रत्येक थेंब मोलाचा असतो. वजन रोज उतरत जातं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम मंदावलं की रक्तात साठणारा पदार्थ, वाढलेलं दिसतं. त्या वेळी गोळीचा डोस डॉक्टरांना विचारून पुन्हा ठरवावा लागतो.