इंग्रजीतील व्ही आणि डब्ल्यू : मराठीभाषकांचा उच्चारगोंधळ व सराव

इंग्रजीत व्ही या अक्षराचा आणि डब्ल्यू या अक्षराचा ध्वनी हे दोन स्वतंत्र वर्ण आहेत. एकाच्या जागी दुसरा आला की शब्दच बदलतो: व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर आणि वेट म्हणजे ओला, व्हाइन म्हणजे वेल आणि वाइन म्हणजे मद्य. मराठीत या दोन्हींच्या जवळपास एकच वर्ण आहे, तो म्हणजे व. मराठीभाषक दोन्ही ठिकाणी तोच वापरतो आणि दोन्ही ठिकाणी थोडा थोडा चुकतो. या नोंदीत इंग्रजी शब्द लिहिताना व्हीच्या ध्वनीसाठी सगळीकडे ‘व्ह’ आणि डब्ल्यूच्या ध्वनीसाठी ‘व’ वापरला आहे. ही केवळ लिहिण्याची सोय आहे. त्या ‘व्ह’चा उच्चार मराठी ‘व्ह’सारखा करू नये, कारण गोंधळाचा मोठा भाग तिथेच आहे.

मराठी व कुठे बसतो

मराठी व्याकरण व ला अर्धस्वर मानते आणि त्याचे स्थान दंतोष्ठ्य सांगते. ‘वारा’, ‘विमान’, ‘वेग’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो, पण तिथे दाब देत नाही. ओठ आणि दात यांच्यामध्ये हवा मोकळी जाते, घर्षणाचा आवाज होत नाही. ओठांचा चंबूही होत नाही.

इंग्रजी व्हीमध्ये मात्र खालचा ओठ वरच्या दातांना टेकलेला असतो, आणि त्या फटीतून घासत जाणाऱ्या हवेची बारीक भुणभुण ऐकू येते. डब्ल्यूमध्ये दातांचा काहीच संबंध नाही. तिथे दोन्ही ओठ गोल होऊन पुढे येतात आणि जिभेचा मागचा भाग ऊ म्हणताना उचलतो तसा वर जातो. मराठी व या दोन टोकांच्या मध्ये पडतो: दातांजवळ असल्यामुळे अर्धा व्हीसारखा, घर्षण नसल्यामुळे अर्धा डब्ल्यूसारखा. म्हणून ‘व्हेट’ म्हणू पाहणाऱ्या माणसाचे ‘वेट’ ऐकू येते आणि ‘वेट’ म्हणणाऱ्याचे ‘व्हेट’. एकच व्यक्ती उलटसुलट चुका करते असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात बोलणारा दोन्हीकडे एकच ध्वनी काढत असतो, आणि ऐकणारा आपल्याला अपेक्षित नसलेली बाजू त्यात शोधतो.

मराठी व शेजारच्या ध्वनीप्रमाणे बराच बदलतो, ही आणखी एक अडचण. ‘स्वर’, ‘ज्वारी’, ‘ग्वाही’ यांत व्यंजनाला जोडून आलेला व ओठ गोल करून म्हटला जातो, म्हणजे जवळजवळ डब्ल्यूच असतो. ‘गाव’, ‘भाव’ यांच्या शेवटी तो सैल होऊन उ कडे झुकतो. बोलींमध्ये ‘वेळ’चा ‘येळ’ आणि ‘विस्तव’चा ‘इस्तू’ होतो. इतक्या रूपांत वावरूनही तो मराठीत एकच वर्ण राहतो. ओठ दाताला टेकले की नाही याने मराठीत कोणताच शब्द बदलत नाही, त्यामुळे त्याकडे लक्ष देण्याची सवय कानाला लागलेली नसते.

‘व्ह’ने प्रश्न सुटत नाही

छापील मराठीत व्हॅन, व्हिडिओ असे शब्द ‘व्ह’ने लिहिले जातात, त्यामुळे व्ह म्हणजेच व्ही अशी समजूत होते. पण ‘व्हावे’, ‘नव्हे’, ‘जिव्हाळा’ हे शब्द म्हणून पाहिले तर त्यातला श्वास घशातून येतो, घ किंवा भ मध्ये येतो तसा. ओठ दाताला टेकत नाहीत. इंग्रजी व्हीचा सगळा आवाज मात्र ओठ आणि दात यांच्या फटीत तयार होतो. म्हणून मराठी धाटणीने म्हटलेले ‘व्हॅन’ इंग्रजी कानाला ह मिसळलेल्या डब्ल्यूसारखे वाटते. भर म्हणून चाकासाठीचा ‘व्हील’ आणि ‘व्हिस्की’ हे डब्ल्यू-एचने सुरू होणारे शब्दही मराठीत ‘व्ह’नेच लिहितात. तिथे हवा डब्ल्यूचाच ध्वनी; स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये अनेक जण त्याआधी हलका ह जोडतात, इतकेच. देवनागरी लेखनावरून उच्चार ठरवणे त्यामुळे फसवे आहे. मूळ इंग्रजी स्पेलिंग पाहावे.

दोन्हींतला फरक ओळखायला साधी कसोटी आहे. इंग्रजी व्ही तीन-चार सेकंद एकसारखा ताणता येतो. मराठी व्ह ताणू गेले की श्वास संपतो आणि मागे नुसता स्वर उरतो.

डब्ल्यूचा सराव

सुरुवात डब्ल्यूपासून करणे सोयीचे, कारण तो मराठीभाषकाच्या तोंडात आधीच आहे, फक्त शब्दाच्या आरंभी नाही. सु + आगत = स्वागत या संधीत उ चा व कसा होतो ते आधी सावकाश, मग भरभर म्हणून पाहावे. ‘सुऽआगत, सुआगत, स्वागत’ असे म्हणताना ओठ गोलच राहतात. हीच क्रिया स काढून करायची: ‘ऊऽआ, ऊआ, वा’. त्याच रीतीने ‘ऊऽईक’पासून वीक (आठवडा), ‘ऊऽएस्ट’पासून वेस्ट (पश्चिम). प्रत्येक वेळी ऊ आखूड करत न्यावा, पण ओठांचा गोल शेवटपर्यंत सोडू नये. आरशात पाहिल्यास सुरुवातीच्या क्षणी वरचे दात दिसता कामा नयेत. ते दिसले तर खालचा ओठ जुन्या सवयीने दातांकडे गेला आहे. तरीही जमत नसेल तर तर्जनीने खालचा ओठ हलकेच पुढे धरून शब्द म्हणावा; ओठाला मागे जायला वाव राहत नाही.

डब्ल्यूनंतर लगेच उ किंवा ऊ आला की वेगळीच चूक होते. वुड (लाकूड) आणि वुमन (स्त्री) यांतला डब्ल्यू गळतो आणि ‘ऊड’, ‘उमन’ ऐकू येते. इथे ओठ आधीच गोल असल्यामुळे हालचाल जाणवत नाही. उपाय असा की ओठ उ ला लागतात त्याहून घट्ट, जवळपास मिटेपर्यंत आवळून सुरुवात करावी आणि मग उ पर्यंत सैल सोडावे. ऐकू येतो तो हा सैलावण्याचा क्षण.

व्हीचा सराव

व्हीला जास्त दिवस लागतात. आधी आवाज न काढता ओठांची जागा पक्की करावी: खालच्या ओठाची आतली, ओलसर कड वरच्या पुढच्या दातांच्या टोकांना अलगद लावायची आणि फुंकर घालायची. हा झाला इंग्रजी एफचा ध्वनी. मराठी ‘फळ’मधल्या फ वरून तो घेऊ नये, कारण तो अनेकांच्या तोंडी दोन्ही ओठ मिटून येतो. फुंकर चालू ठेवून, ओठ जराही न हलवता घशातून आवाज सुरू करायचा. गळ्यावर ठेवलेल्या बोटांना कंप जाणवेल आणि खालच्या ओठाला गुदगुल्या होतील. हा ध्वनी चार सेकंद धरावा आणि त्यातूनच स्वरात उतरावे: ‘व्ह्‌ऽऽऽ-ए’, ‘व्ह्‌ऽऽऽ-आ’.

बिघाड कुठे झाला ते आवाजावरून कळते. ओठ फार आत घेऊन चावला तर हवा अडते आणि ब सारखा स्फोट होतो. दाब कमी करावा. ‘व्हॅन’चा ‘फॅन’ झाला तर घशातला आवाज उशिरा सुरू होतो आहे. भुणभुण न येता गुळगुळीत व आला तर ओठ दातापासून सुटला आहे. वरचा ओठही खाली येऊन गोल होत असेल तर हसरा चेहरा ठेवून म्हणावे. हसत हसत व्ही नीट म्हणता येतो, डब्ल्यू येत नाही. रोजच्या बोलण्यात व्ही इतका ठळक नसतो, विशेषतः दोन स्वरांमध्ये घर्षण बरेच हलके होते. तिथेही ओठ गोल न होऊ देणे मात्र आवश्यक आहे, आणि घर्षणापेक्षा माझ्या मते तेच अधिक सांभाळावे.

शब्दाच्या शेवटचा व्ही सर्वांत दुर्लक्षित राहतो. हॅव्ह, गिव्ह, फाइव्ह यांचा शेवट ‘गाव’सारखा सैल सोडला जातो. शब्द संपताना ओठ दातालाच टेकलेला राहिला पाहिजे.

‘ट्वेल्व्ह’ (बारा) हा एकच शब्द दोन्ही बाजू तपासायला पुरतो. ओठ ट च्या आधीच गोल करायचे, म्हणजे पुढचा डब्ल्यू आपोआप येतो. ‘त्वचा’ म्हणणाऱ्याला तो अवघड नाही. ए वर ओठ पसरतात, ल साठी जिभेचे टोक वर जाते, आणि जीभ तिथे असतानाच खालचा ओठ दाताला लागतो. बहुतेकांचा हा शेवटचा टप्पा हुकतो: ‘ट्वेल’ उरते किंवा शेवटी श्वासाचा व्ह सुटतो. उलटा क्रम ‘व्हेरी वेल’मध्ये मिळतो, दात आधी आणि गोल ओठ नंतर. पहिल्या शब्दावर लक्ष दिले की दुसराही दातांनी म्हटला जातो, ‘व्हेरी व्हेल’. व्ही नव्याने शिकलेल्यांत ही अतिदुरुस्ती हमखास दिसते, म्हणून दोन्ही ध्वनी पहिल्या आठवड्यापासून जोडीनेच घ्यावेत.

कान आणि स्पेलिंग

स्वतःचा उच्चार स्वतःला बरोबर वाटणे ही मुख्य अडचण आहे, म्हणून तोंडाबरोबर कानाचाही सराव हवा. शब्दकोशांच्या संकेतस्थळांवरील ध्वनिमुद्रणांतून व्हेट–वेट, व्हेस्ट–वेस्ट, व्हाइन–वाइन, व्हर्स–वर्स अशा जोड्या घ्याव्यात. दुसऱ्या कुणाला त्या उलटसुलट वाजवायला सांगून व्ही की डब्ल्यू ते न पाहता लिहावे. २० पैकी १८ बरोबर येईपर्यंत याच जोड्यांवर राहावे. आवाज निरनिराळ्या माणसांचे असावेत. एकाच आवाजावर तयार झालेला कान दुसऱ्या आवाजाशी अडखळतो. मग स्वतःचे उच्चार फोनवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशी तसेच तपासावेत. मुद्रणाच्या वेळचा क्रम तोवर विसरलेला असतो, त्यामुळे कान मनातल्या उत्तराने फसत नाही.

बाकी मदत स्पेलिंग करते. व्ही लिहिला असेल तिथे व्हीच म्हणतात. डब्ल्यू मात्र काही शब्दांत मूक असतो: लिहिण्यासाठीचा राइट, उत्तरासाठीचा आन्सर, तलवारीसाठीचा सोर्ड, संख्येचा टू. नाउ आणि शो यांच्या शेवटचा डब्ल्यू केवळ स्वराचा भाग आहे. उलट, वन आणि वन्स यांत डब्ल्यूचा ध्वनी आहे पण अक्षर नाही. क्वीन आणि लँग्वेज यांत तो यू या अक्षराने लिहिला जातो. षष्ठीचा अर्थ देणारा ‘ऑव्ह’ लिहिताना एफ असला तरी उच्चार व्हीचा आहे. ‘ऑफ’ म्हटले की तो ‘बंद’ किंवा ‘दूर’ अर्थाचा वेगळा शब्द होतो.